पॉलिहाऊसच्या छतासाठी यूव्ही स्टॅबिलाइज्ड पेपरच्या जाडीबाबत विचारणा

फूल व भाजीपाला उत्पादक शेतकरी सहकारी संस्था, मावळ (जि. पुणे)

जा. क्र. 47/2025-26
दिनांक : 9 फेब्रुवारी 2026

प्रति,
मा. विक्री व्यवस्थापक,
ग्रीनहाऊस फिल्म विभाग, पुणे

विषय : पॉलिहाऊसच्या छतासाठी यूव्ही स्टॅबिलाइज्ड पेपरची जाडी, तिची कमी-जास्त मर्यादा व हमी याबाबत.
संदर्भ : आपले दि. 28 जानेवारी 2026 चे दरपत्रक व सोबत पाठवलेला नमुना.

महोदय,

आपले दरपत्रक व नमुना मिळाला. संस्थेच्या 9 सभासदांची 11 पॉलिहाऊस यंदा पेपर बदलायला आली आहेत. त्यांपैकी 20 गुंठ्यांची (36 × 56 मीटर) 6 आणि 10 गुंठ्यांची (28 × 36 मीटर) 5 आहेत. खालची जागा 17,136 चौ.मी. भरते. छत, बाजू, पडदे आणि एप्रन धरून सुमारे 25,000 चौ.मी. पेपर लागेल. सातांत जरबेरा, दोनांत गुलाब आणि दोनांत रंगीत ढोबळी मिरची आहे. सर्व सभासदांची खरेदी संस्थेमार्फत एकत्र होणार आहे, म्हणून ऑर्डर देण्याआधी काही गोष्टी लेखी हव्या आहेत.

दरपत्रकात "200 मायक्रॉन, 5 लेयर, यूव्ही स्टॅबिलाइज्ड, 3 वर्षे" एवढेच लिहिले आहे. हे 200 म्हणजे पूर्ण रोलची सरासरी, की कोणत्याही ठिकाणी मिळणारी कमीत कमी जाडी, की फक्त मालाचे नाव, याचा त्यात उल्लेख नाही. आमचा मुख्य प्रश्न हाच आहे.

आपण पाठवलेला 2 मीटर पन्ह्याचा तुकडा आम्ही सपाट टोकाच्या डायल गेजवर आडवा मोजला. दर 20 सेंटिमीटरला एक, अशी दहा मापे घेतली. ती क्रमाने अशी आली : 203, 196, 191, 188, 184, 178, 179, 183, 187, 192 मायक्रॉन. सरासरी 188 आणि सर्वांत पातळ जागा 178. ताळा म्हणून त्याच तुकड्यातून 50 × 50 सेंटिमीटरचा चौकोन कापून वजन केले, ते 43.2 ग्रॅम भरले. घनता 0.92 धरली तर 200 मायक्रॉनला 46 ग्रॅम यायला हवे होते. 43.2 ग्रॅमची जाडी 188 मायक्रॉनच येते, म्हणजे गेजची चूक नाही. मालात टाल्क किंवा इतर खनिज पूड मिसळलेली असेल तर घनता वाढते आणि वजनावरून काढलेली जाडी फुगीर दिसते. त्यामुळे आपल्या मालाची नेमकी घनता कळवावी.

मापे एका कडेकडून मध्याकडे उतरत जातात आणि पुन्हा चढतात, हे आम्हाला जास्त खटकले. फुग्याच्या पद्धतीने काढलेल्या फिल्ममध्ये डायची फट एका बाजूला कमी-जास्त असली की असा पट्टा पडतो. तो रोलभर एकाच रेषेत उतरला तर छतावर पेपर ताणताना जाड बाजू ताठ बसते आणि पातळ बाजू ढिली पडते. ढिल्या जागी वारा पेपर फडफडवतो, पावसाचे पाणी साचते आणि फाटायला सुरुवात तिथूनच होते. आपल्या मशीनवर हॉल-ऑफ फिरता आहे का, म्हणजे जाडीतला फरक पन्हाभर वाटला जातो का, ते कृपया कळवावे. स्थिर असेल तर आम्हाला ठिकठिकाणच्या जाडीची मर्यादा अधिक कडक ठेवावी लागेल.

आमची अपेक्षा अशी : रोलची सरासरी 200 च्या खाली नको आणि कोणत्याही एका जागी 185 च्या खाली नको. वरची मर्यादा आपण सांगावी. ती विचारण्याचे कारण हिशेबाचे आहे. बिल चौरस मीटरवर झाले आणि माल 188 चा आला, तर 25,000 चौ.मी. मध्ये 4,600 किलोऐवजी साधारण 4,325 किलोच प्लास्टिक हाती पडते. उलट बिल किलोवर झाले आणि माल 212 चा निघाला, तर 4,600 किलोत सुमारे 23,600 चौ.मी.च होते, म्हणजे एका 10 गुंठ्यांच्या पॉलिहाऊसचा पेपर जवळजवळ पूर्ण कमी पडतो. दर चौरस मीटरवर द्यावा, आणि बिलात रोलनिहाय पन्हा, लांबी व निव्वळ वजन तिन्ही लिहावे. गाभ्याच्या पुठ्ठ्याचे वजन वजा केलेले असावे.

आता यूव्हीबद्दल. नुसत्या जाडीने आयुष्य ठरत नाही हे आम्हालाही ठाऊक आहे. साधा पेपर 250 मायक्रॉनचा घेतला तरी उन्हात तो टिकत नाही. पण स्टॅबिलायझर वजनाच्या प्रमाणात टाकलेला असतो, त्यामुळे पातळ जागी तोही तेवढाच कमी पडतो. म्हणून दोन्ही प्रश्न एकत्र विचारत आहोत. तो पाचही थरांत आहे की फक्त बाहेरच्या? तो हाल्स प्रकारचा आहे की निकेलचा? हाल्स असेल तर गंधक व क्लोरीन सोसणारा आहे का? जरबेरा आणि गुलाबात भुरीसाठी गंधकाची फवारणी होते, दोन सभासद रात्री गंधकाचे व्हेपरायझरही लावतात. साधा हाल्स गंधकाने निकामी होतो. पेपर वरून धड दिसतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या उन्हाळ्यात हाताने ओढला तरी चिरतो. पेपरमध्ये गंधक व क्लोरीन किती पीपीएमपर्यंत चालेल, त्यापुढे हमी रद्द होते का, आणि ती तपासणी कोण करणार, हे आकड्यांत द्यावे. शेवाळ धुताना ब्लीचिंग वापरू नये अशी अट असेल तर तीही आत्ताच सांगावी.

"3 वर्षे" ही हमीही आम्हाला किलो लँग्लेमध्ये हवी. पुण्याच्या भागात वर्षाला साधारण 160 ते 170 किलो लँग्ले ऊन पडते. उत्तर युरोपातल्या उन्हावर ठरवलेला तीन हंगामांचा पेपर इथे तेवढा टिकेल असे गृहीत धरता येत नाही. आमच्या हिशेबाने तीन वर्षांसाठी किमान 500 किलो लँग्ले सोसणारा माल लागेल. आयुष्य संपले असे आपण कशावरून धरता? ताणल्यावर लांबण्याची क्षमता मूळच्या निम्म्यावर आली की, असा निकष असेल तर मूळ आकडा प्रमाणपत्रावर हवा. नाहीतर निम्मे कशाचे, यावरून वाद होईल. भरपाई वापरलेले महिने वजा करून मिळणार की पूर्ण पेपर बदलून मिळणार, आणि त्यात मजुरी धरलेली आहे का?

उतरवलेल्या जुन्या पेपरवर (तो दुसऱ्या पुरवठादाराचा होता) दोन ठिकाणी ठरावीक खुणा दिसल्या. पहिली, कमानीच्या जीआय पाइपवर पेपर टेकतो त्या रेषेत. तिथे पाइप तापतो, पेपर पिवळसर होऊन कडक पडतो आणि पाइपच्या रुंदीएवढा पट्टा चिरत जातो. दुसरी, रोलमध्ये घडी पडली होती तिथे. पहिल्यासाठी आम्ही पाइपचा वरचा भाग पाण्यात मिसळणाऱ्या पांढऱ्या ॲक्रिलिक रंगाने रंगवून घेणार आहोत. हा रंग आपल्या हमीला चालतो का, आणि स्प्रिंगवरच्या पीव्हीसी आवरणाचा पेपरला त्रास होतो का, ते कळवावे. दुसऱ्यासाठी 5.5, 7 आणि 9 मीटर पन्हे घडी न घालता मिळतात का? 9 मीटरचे घडी घातल्याशिवाय येत नसेल तर घडीच्या रेषेवरही 185 ची अट लागू राहील. एक रोल 100 किलोच्या आत असावा. शेतातल्या वाटेने तो खांद्यावरच न्यावा लागतो.

ड्रिप न होणारी बाजू कोणती हे पेपरवर सलग छापलेले हवे. रोल उलटा लागला तर आतले बाष्प थेंब होऊन जरबेऱ्याच्या फुलांवर गळते आणि पाकळ्यांवर करड्या बुरशीचे डाग पडतात. हा गुण किती महिने टिकतो, तेही कळवावे, कारण तो बहुधा पेपरच्या आधी संपतो. प्रकाश पार होण्याचे प्रमाण किमान 85 टक्के हवे. ढोबळीच्या दोन घरांसाठी डिफ्यूज्ड पेपर चालेल, कारण फळांवर उन्हाचे चट्टे कमी पडतात. पण पावसाळ्यात इथे आठवडेच्या आठवडे ऊन नसते. म्हणून बाकी घरांसाठी क्लिअर आणि डिफ्यूज्ड दोन्हींचे आकडे सोबत द्यावेत.

बाजूच्या गुंडाळी पडद्यांना व एप्रनला 200 चाच पेपर लावायचा की 150 चा चालेल, याबद्दल सभासदांत दोन मते आहेत. पडदा रोज वर-खाली होतो, जाड पेपर पाइपवर नीट गुंडाळत नाही. आम्हाला पडद्यांना 150 आणि एप्रनला 200 योग्य वाटते. छताला मात्र 200 च्या खाली आम्ही जाणार नाही. 180 घेऊन वाचणारे पैसे पेपर एक वर्ष आधी बदलावा लागला की मजुरीतच जातात. शिवाय अनुदानाच्या निकषांत आयएस 15827:2009 प्रमाणे 200 मायक्रॉनची यूव्ही स्टॅबिलाइज्ड फिल्मच धरलेली आहे. आपला माल या मानकाप्रमाणे असल्याचे बॅचनिहाय प्रमाणपत्र द्यावे.

माल आला की प्रत्येक बॅचच्या एका रोलची सुरुवातीची 1 मीटर पट्टी दोन्ही बाजूंच्या समोर कापून पन्हाभर दर 20 सेंटिमीटरला मोजली जाईल. एक भाग दोघांच्या सहीने काळ्या पिशवीत सीलबंद करून संस्थेत ठेवू. पुढे हमीचा प्रश्न आला तर मूळ पेपर कसा होता हे त्यावरून ठरेल. मापांवर एकमत झाले नाही, तर नमुना छत्रपती संभाजीनगर येथील सिपेटकडे जाईल आणि ज्याचे म्हणणे चुकीचे ठरेल त्याने तपासणीचा खर्च द्यावा. ही अट मान्य आहे का, ते स्पष्ट लिहावे.

पेपर चढवण्याचे काम 20 मार्चला सुरू करून वळवाच्या वाऱ्याआधी संपवायचे आहे. रोज सकाळी ऊन तापण्याआधीच पेपर ताणला जातो, त्यामुळे दिवसाला फार काम होत नाही. त्या हिशेबाने माल 15 मार्चपर्यंत संस्थेच्या गोदामात पोहोचायला हवा. आपले उत्तर, बॅच प्रमाणपत्राचा नमुना, हमीपत्राचा पूर्ण मजकूर आणि सुधारित दर 20 फेब्रुवारीपर्यंत मिळावेत. 23 तारखेच्या संचालक मंडळाच्या बैठकीत निर्णय होईल. नवा नमुना पाठवणार असाल तर तो चालू उत्पादनातल्या रोलचा, पूर्ण पन्ह्याचा, बॅच क्रमांक लिहिलेला असावा.

आपला,
सचिव
(संचालक मंडळाच्या वतीने)

सोबत : 1) नमुन्याच्या दहा मापांचा तक्ता. 2) वजन केलेला 50 × 50 सेंटिमीटरचा तुकडा, पातळ पट्टा पेनने दाखवलेला. 3) 11 पॉलिहाऊसची मोजमापे व पन्ह्यांची यादी.