फरक शून्य

धरणगावच्या त्या जिनिंगमधले मालाच्या मोजणीचे कागद ऑडिटला आलेल्या अश्विनीने टेबलावर पसरले. बारा पानं, एकाच निळ्या पेनाने लिहिलेली, खाडाखोड कुठेच नाही. या आवारात पाच मिनिटं उभं राहिलं तरी ओढणीला रुईचे तंतू चिकटतात. कागद मात्र कोरे करकरीत. शेवटचा रकाना 'फरक'. त्यात वरपासून खालपर्यंत शून्य.

गाठींचं तिला नवल वाटलं नाही. गाठीवर लॉट नंबर, गाठ नंबर, वजन लिहिलेलं असतं. 612 म्हणजे 612. ती अडली नवव्या पानावर. सरकी, उघडा ढीग, 84,360 किलो. पुस्तकातही नेमके 84,360.

एवढा ढीग तराजूत कोण घालतं? टेपने लांबी, रुंदी, उंची घ्यायची आणि अंदाज बांधायचा. तो अंदाज टना-दोन टनांनी सहज चुकतो. त्यात मार्चच्या उन्हात सरकी सुकते, वजन घटतं. किलोपर्यंत जुळवायचं तर ट्रॅक्टर भरभरून काट्यावर न्यायला हवेत.

"मुनीमजी, काट्याच्या पावत्या?"

"पावत्या कशाला ताई? काल संध्याकाळी सहा ते आठ मी स्वतः उभा राहून मोजून घेतलं."

ढिगाजवळ बसलेल्या हमालदादांना तिने सहज विचारलं. ते म्हणाले, "आठे कोनी उना नही ताई. सहा वाजापासून लाईटच गयेल व्हती."

तिने जळगावला सरांना फोन लावला. सीएच्या आर्टिकलशिपचं पहिलंच वर्ष, आणि समोरचा माणूस वडिलांच्या वयाचा. तिचा आवाज जरा अडखळला. सर एवढंच म्हणाले, "ढीग स्वतः माप. आणि गोदामात मालावरून कागदाकडे ये."

हे तिने केलंच नव्हतं. सकाळपासून ती यादीतला आकडा घेऊन माल शोधत होती. आता तिने थप्पीतली गाठ निवडली आणि यादीत शोधली. तिसरीच गाठ लॉट 47 ची निघाली. यादीत तो लॉट नव्हता. यादीतला लॉट 31 मात्र गोदामात कुठेच दिसेना.

मुनीमजी तिच्या मागे येऊन उभे राहिले. "ताई, 31 तारखेला माणसंच नव्हती. पुस्तकावरून उतरवलं. बँकेला स्टॉक स्टेटमेंट द्यायचं होतं ना."

याच सरकीवर बँक पैसे उचलू देते. मुनीमजींची तिला दया आली. तरी त्यांचं वाक्य तिने जसंच्या तसं वहीत उतरवलं, वेळ टाकली.

मग टेपचं दुसरं टोक हमालदादांनी धरलं. उतार वेगवेगळे होते म्हणून तिने उंची चार ठिकाणी घेतली आणि एक पोतं भरून वजन केलं. हिशेब 61 टनांच्या आसपास आला. तेवीस टनांची तफावत अंदाजाच्या चुकीत बसत नव्हती.

मापांचा कागद तिने मुनीमजींसमोर ठेवला. "यावर सही करा, आणि शेठजींना बोलवा."