उत्तर: ड्राफ्ट रिपोर्टमधला मुद्दा क्र. 4 काढण्याबाबत

नमस्कार सर,

काल रात्रीचा तुमचा मेल नीट वाचला, सकाळी टीमसोबत बसून वर्किंग पेपर्सही परत काढले. मुद्दा क्र. 4 रिपोर्टमधून काढता येणार नाही. हे आधीच स्पष्ट सांगतो, म्हणजे तुम्ही वाट बघत राहायला नको.

एक गोष्ट मात्र तुमची बरोबर आहे. व्हेंडरचे बँक डिटेल्स बदलणारा आणि त्याच व्हेंडरचं पेमेंट रिलीज करणारा लॉगिन एकच, अशा 7 केसेस आम्ही लिहिल्या होत्या, त्यातल्या दोन केसेसचे अप्रूव्हलचे मेल तुम्ही आता पाठवलेत, तारखा जुळतात, रिलीजच्या आधीचेच आहेत, त्यामुळे आकडा सॅम्पलमधल्या 25 बदलांपैकी 5 होईल. हे मेल आम्ही फील्डवर्कमध्येच मागायला हवे होते, ती चूक आमची.

बाकी 5 चं काय करायचं सर? पैसे कुठे गेले नाहीत हे मान्य, आणि मुद्द्यात तसं म्हटलेलंही नाही. पण दुसऱ्या कुणाची नजर न पडता खातं बदलून पैसे सोडता येत होते आणि हे सात महिने चालू होतं, मुद्दा तो आहे. ॲक्सेस तुम्ही 12 तारखेला वेगळा केलात, चांगलं केलंत, पण त्याने आधीचे सात महिने पुसले जात नाहीत ना. आयएसए 265 प्रमाणे कंट्रोलमधली गंभीर उणीव ऑडिट कमिटीला लेखी कळवणं आमच्यावर बंधनकारक आहे, आणि ती गंभीर आहे हे कागदावर दिसत असताना मी गप्प बसलो तर उद्या आमच्या बाकीच्या मुद्द्यांवर तरी कमिटीने का विश्वास ठेवायचा?

अकाउंट्समधल्या त्या मुलीवर शेकेल ही तुमची काळजी मला पटते. रिपोर्टमध्ये कुणाचं नाव किंवा पद येणार नाही, आणि सहकारी सुट्टीवर गेली तेव्हा वरूनच दोन्ही ॲक्सेस दिले गेले आणि नंतर काढायचे राहिले हे कारण मी स्वतः लिहितोय, म्हणजे वाचणाऱ्याला कळेल की गडबड व्यवस्थेत होती.

बँकेची लिमिट रिन्यूअलला आहे म्हणून हा मुद्दा नको असं तुम्ही लिहिलंत, त्यावर मी काहीच करू शकत नाही, आणि तो मेलही फाईलमध्ये राहील.

तुमच्या हातात मॅनेजमेंटचं उत्तर आहे, ते दोन ओळीत उरकू नका. काय बदललं, कधीपासून, पुढे दर महिन्याला कोण तपासणार हे लिहा. आणि जमलं तर सॅम्पलबाहेरचे उरलेले 39 बदल तुमच्या टीमकडून तपासून घ्या, प्रत्येक व्हेंडरला फाईलमधल्या जुन्या नंबरवर फोन करून खातं कन्फर्म करा, बदलाच्या पत्रावरच्या नंबरवर नको. ते पुरावे आले की आम्ही पडताळू आणि निकाल मुद्द्याखालीच छापू.

सुधारलेला मुद्दा सोबत जोडलाय. उत्तर गुरुवारी संध्याकाळपर्यंत पाठवा, रिपोर्ट शुक्रवारी निघेल. त्याआधी बोलायचं असेल तर उद्या 11 नंतर मी मोकळा आहे, पार्टनरही कॉलवर येतील.