सोडवलेले उदाहरण : गाळाची बादली आणि दोराचा ताण

(अकरावी भौतिकशास्त्र, गतीचे नियम. कालच्या तासाला फळ्यावर अर्धवट राहिलेले उदाहरण पूर्ण लिहून देतोय. वहीत उतरवून घ्या.)

प्रश्न : उन्हाळ्यात विहिरीचा गाळ काढायचे काम चालू आहे. लोखंडी बादलीचे वस्तुमान 5 kg आणि तिच्यात भरलेल्या ओल्या गाळाचे 35 kg. दोर कप्पीवरून घेऊन काठावरची माणसे बादली सरळ वर ओढतात. दोर जास्तीत जास्त 500 N ताण सोसतो, त्यापुढे तुटतो. दोर न तुटता बादलीला वरच्या दिशेने जास्तीत जास्त किती त्वरण देता येईल? (g = 9.8 m/s². दोराचे वस्तुमान आणि कप्पीचे घर्षण सध्या सोडून द्या.)

आधी चित्र. गाळ काढताना तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिले असेल. खालचा माणूस "ओढाss" म्हणतो, सैल दोर ताठ होतो, त्याच्या पिळातून पाणी ठिबकते आणि बादली तळ सोडताना स्वतःभोवती हळूच गरकन फिरते. आपले गणित या क्षणाचे आहे. बादली अजून वेगात आलेली नाही, नुकता वेग घेऊ लागली आहे.

गाळ भरलेली बादली ही आपली एक वस्तू. तिच्यावर बले दोनच : दोराचा ताण T वरच्या दिशेने आणि वजन mg खालच्या दिशेने. ओढणाऱ्या माणसांचे बल वेगळे दाखवू नका, ते दोरातूनच बादलीपर्यंत येते. "ma" हेही तिसरे बल म्हणून बाणाने काढू नका. ते दोन बलांच्या वजाबाकीचे उत्तर आहे. दरवर्षी निम्म्या वह्यांत हा तिसरा बाण सापडतो.

उत्तर : वरची दिशा धन धरू.

```
m  = 5 + 35 = 40 kg
mg = 40 × 9.8 = 392 N
T − mg = ma
500 − 392 = 40a
a = 108 / 40 = 2.7 m/s²
```

म्हणजे 500 न्यूटनपैकी 392 न्यूटन बादली नुसती लोंबती ठेवण्यातच खर्च झाले. वेग वाढवायला उरले फक्त 108. वरच्या दिशेने 2.7 m/s² हे कमाल त्वरण, त्याहून जास्त दिले की दोर तुटणार.

काल काही जणांनी 500 ला 40 ने भागून 12.5 m/s² असे उत्तर काढले. ते चूक आहे, पण 12.5 हा आकडा निरर्थक नाही. T = m(g + a) असे लिहिले तर 12.5 म्हणजे (g + a). त्यातून 9.8 वजा करा, तेच 2.7 येते. गुरुत्वाकर्षण वजा करायचे राहिले, एवढीच चूक.

आता आपण वेगाबद्दल काहीच विचारले नाही, हे बघा. बादली सेकंदाला अर्धा मीटर वर येवो की तीन मीटर, वेग एकसारखा असेल तर a शून्य आणि ताण नेमका 392 न्यूटनच. दोराला वेगाचा त्रास नाही, वेग बदलण्याचा आहे. काठाजवळ बादलीचा वेग कमी करताना तर ताण आणखी उतरतो. त्वरण खालच्या दिशेने 2 m/s² असेल तर T = 40 × (9.8 − 2) = 312 N.

मग दोर कधी तुटतो? बहुतेक वेळा दोनच प्रसंगी.

पहिला, रिकाम्या बादलीऐवजी भरलेली बादली खाली सोडताना. समजा चुकून वजनदार भरलेली बादली परत खाली चालली आहे, वेग 3 m/s, आणि वरच्यांनी ती अर्ध्या मीटरात थांबवली. बादली जाते खाली, पण वेग कमी होतोय म्हणून त्वरण वरच्या दिशेने :

```
a = v² / 2s = 9 / (2 × 0.5) = 9 m/s²
T = 40 × (9.8 + 9) = 752 N
```

दोर गेला. तीच बादली 2.7 च्या मर्यादेत थांबवायची तर 9 / 5.4, म्हणजे साधारण 1.7 मीटर अंतर द्यावे लागते. "कमाल वरचे त्वरण" हा शब्द वर जाण्यापुरता नाही, हे या आकड्यावरून पक्के लक्षात ठेवा. परीक्षेत हा भाग वेगळ्या शब्दांत विचारला की मुले गडबडतात.

दुसरा प्रसंग जास्त वाईट. ओढणाऱ्याचा हात सटकतो, दोर 20 सेंटिमीटर सैल सुटतो, बादली तेवढी मोकळी पडते आणि हात पुन्हा दोर पकडतो. दोर थोडा ताणला जाऊन बादली पुढच्या 10 सेंटिमीटरात थांबते असे धरू. वजनाने एकूण 0.3 मीटरात केलेले कार्य, ताणाने 0.1 मीटरात परतवायचे :

```
T × 0.1 = mg × 0.3
T = 3 × 392 = 1176 N
```

हा सरासरी ताण, क्षणिक ताण याहूनही वर जातो. वीतभर ढिलाईने वजनाच्या तिप्पट! म्हणून अनुभवी माणूस आधी दोराची सैल सगळी ओढून घेतो, ताठ झाल्यावरच जोर लावतो. आणि बादली गाळात रुतली असेल तर गाळ तिला धरून ठेवतो, ते बल वजनात मिळवायला हवे. आधी बादली हलवून सुटी करतात ती त्यासाठीच.

दोराचे वजन धरले तर? 12 मीटर दोर लोंबतोय आणि मीटरला 100 ग्रॅम भरतो असे माना, म्हणजे 1.2 kg. बादलीच्या गाठीपाशी ताण 40 किलोचा, पण कप्पीपाशी 41.2 किलोचा. म्हणून अट वरच्या टोकाला लावायची :

```
500 = 41.2 × (9.8 + a)
a = 12.14 − 9.8 ≈ 2.3 m/s²
```

त्याच क्षणी गाठीपाशी ताण सुमारे 485 N. दोर सगळीकडे सारखाच मजबूत असेल तर तो वरच तुटायला हवा. प्रत्यक्षात गाठ मारल्याने दोर तिथे कमकुवत होतो आणि कप्पीवर घासूनही झिजतो, म्हणून या दोन जागा तपासायच्या.

एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. हे 2.7 पेपरातले उत्तर आहे, विहिरीवरचे नाही. वजन उचलायचा दोर त्याच्या तुटण्याच्या ताणाच्या पाचव्या हिश्शापर्यंत किंवा त्याहूनही कमीच वापरतात. 500 न्यूटनवर तुटणाऱ्या दोराला त्या हिशोबाने 100 न्यूटन, म्हणजे जेमतेम 10 किलो. 40 किलोची बादली त्याला बांधायचीच नाही, कारण खाली तळाशी माणूस उभा असतो. घरी गाळ काढत असतील तर हा हिशोब काठावरच्यांना सांगा, आणि बादली वर जाताना खालच्याला तिच्या खालून बाजूला व्हायला सांगा.

सरावासाठी : तोच 500 न्यूटनचा दोर, तीच 5 किलोची बादली. ओढणारे सुरुवातीला 1.2 m/s² त्वरण देतात. दोर न तुटता बादलीत जास्तीत जास्त किती गाळ भरता येईल? (उत्तर : सुमारे 40.4 kg. पायऱ्या उद्या वहीत बघणार आहे.)