प्रगतिपुस्तकातील एकूण गुणांची बेरीज पुन्हा तपासण्याबाबत

दि. ३ मे २०२४
मानेवाडा, नागपूर

प्रति,
मा. मुख्याध्यापिका मॅडम,

विषय : कु. ऋचा वानखेडे, इयत्ता ७ वी ‘ब’, हजेरी क्र. २३ हिच्या वार्षिक निकालातील बेरजेबाबत.

महोदया,

१ मे रोजी ऋचाचे प्रगतिपुस्तक मिळाले. त्यात एकूण ९०० पैकी ७१४ गुण, ७९.३३ टक्के आणि श्रेणी ब-१ अशी नोंद आहे. घरी नऊही विषयांची बेरीज केली, तर ती ७५० येते.

मराठी ८४, हिंदी ७८, इंग्रजी ७१, गणित ८८, विज्ञान ७९, सामाजिक शास्त्रे ८२, कला ९०, कार्यानुभव ८६ आणि शारीरिक शिक्षण ९२. आधी मला वाटले, माझेच चुकत असेल. म्हणून ऋचाच्या आजोबांना करायला दिली. ते बँकेतून निवृत्त झालेले, कॅल्क्युलेटरला हात लावत नाहीत. त्यांचीही ७५०च आली.

फरक ३६ गुणांचा आहे. गणिताच्या ओळीत आकारिकचे ४० पैकी ३६ आणि संकलितचे ६० पैकी ५२ गुण लिहिले असून पुढे ८८ ही बेरीजही बरोबर आहे. एकूण काढताना ८८ ऐवजी शेजारच्या रकान्यातले ५२ धरले गेले असावेत, असा माझा अंदाज आहे. तसे धरले की बरोबर ७१४ येतात.

कोणत्याही विषयाच्या गुणांबद्दल आमची तक्रार नाही, पेपर पुन्हा तपासावेत असेही म्हणणे नाही. वर्गशिक्षिका मॅडमनी एवढी प्रगतिपुस्तके हाताने लिहिली आहेत, त्यात एक आकडा सुटू शकतो. पण ७५० गुणांचे ८३.३३ टक्के होतात आणि श्रेणी अ-२ येते. माझ्या ऑफिसच्या पतसंस्थेत सभासदांच्या गुणवंत पाल्यांच्या बक्षिसासाठी किमान ८० टक्के लागतात, आणि अर्जासोबत प्रगतिपुस्तकाची झेरॉक्स २० मेपर्यंत द्यायची आहे. शाळा उघडेपर्यंत थांबले, तर ती तारीख निघून जाईल.

तरी कृपया बेरीज तपासून एकूण गुण, टक्केवारी आणि श्रेणी दुरुस्त करून द्यावी. दुरुस्तीजवळ आपली सही व शाळेचा शिक्का असावा, नाहीतर पतसंस्थेत खाडाखोड म्हणून अर्ज परत करतात. शाळेकडच्या निकालपत्रकातही हीच चूक उतरली असेल, तर तीही दुरुस्त व्हावी, ही विनंती.

मूळ प्रगतिपुस्तक सोबत जोडत आहे. सुटीतही शाळेचे ऑफिस सकाळी सुरू असते, असे शिपाईकाकांनी सांगितले. आपण कळवाल त्या दिवशी ऊन चढायच्या आत मी स्वतः येऊन घेऊन जाईन. माझा मोबाइल नंबर प्रवेश अर्जावर आहे.

आपली विश्वासू,
सौ. मनीषा वानखेडे
(ऋचाची आई)

सोबत : मूळ प्रगतिपुस्तक