आजोबांच्या डिस्चार्जच्या कागदाचं मराठी (आजी, हे फ्रिजवर लाव)

आजोबा, आजी,

दवाखान्यातून दिलेला तो चार पानी इंग्रजी कागद मी काल रात्री बसून सगळा वाचला, जिथे अडलं तिथे वॉर्डातल्या डॉक्टरांना फोन करून विचारलं, आणि आता तुम्हाला वाचता येईल असं मोठ्या अक्षरात लिहून देतेय. मूळ कागद फाइलमध्येच राहू दे, तपासणीला जाताना तो लागतो.

आधी एक गोष्ट. कागदावर "हार्ट फेल्युअर" लिहिलंय आणि आजोबा, ते तुम्ही परवा नर्सच्या तोंडून ऐकलंत तेव्हापासून गप्प आहात हे मला दिसतंय. हार्ट फेल म्हणजे हृदय बंद पडलं असं नाही. हृदय पंप आहे, तो थोडा कमजोर झालाय, पूर्ण जोराने रक्त ढकलत नाही, म्हणून अंगात पाणी साठतं, पाय सुजतात, आणि छातीत साठलं की धाप लागते. तुमचं तेच झालं होतं. ते पाणी औषधाने काढलंय. रिपोर्टमध्ये "३५ टक्के" लिहिलंय त्यालाही घाबरू नका, एका ठोक्यात हृदय आतलं किती रक्त बाहेर ढकलतं त्याचा तो आकडा आहे, तो चांगल्या माणसाचाही शंभर नसतो, ५५-६०च्या आसपास असतो. तेव्हा ३५ कमी आहे, पण आजी म्हणते तसं "फक्त पस्तीसच उरलंय" असं नाही.

आता गोळ्या. पाकिटावरची नावं इंग्रजीत आहेत म्हणून प्रत्येक पाकिटावर मागे काळ्या मार्करने नंबर टाकलाय. पाकिटातून गोळी कापून काढताना नंबर असलेला भाग शेवटपर्यंत राहू द्या.

सकाळी नाश्त्यानंतर तीन: नंबर १, २ आणि ३. एक नंबर लघवीची गोळी, अंगातलं जास्तीचं पाणी हीच काढते. ती सकाळीच घ्यायची, संध्याकाळी घेतली तर रात्रभर बाथरूमला उठावं लागेल आणि अंधारात पडायची भीती. सकाळी विसरलात आणि दुपारपर्यंत आठवलं तर घ्या, संध्याकाळी आठवलं तर त्या दिवशी सोडून द्या. दोन नंबर हृदयाचे ठोके सावकाश ठेवते, ही चावायची नाही, कुटायचीही नाही, आख्खी गिळायची. (आजी, तू सगळ्या गोळ्या चमच्यात कुटून देतेस ना, ही नको.) तीन नंबर साखरेची गोळी म्हणून मेडिकलवाला सांगेल, पण तुम्हाला ती हृदयासाठी दिलीय, साखर नसली तरी देतात. तिने लघवीतून साखर जाते म्हणून त्या जागी स्वच्छता ठेवा, खाज आली तर लाजू नका, सांगा.

दुपारी जेवल्यावर नंबर ४ आणि ५. चार रक्त पातळ ठेवणारी, उपाशीपोटी घेऊ नका. पाच पण पाण्याचीच आहे पण हलकी, आणि हिने अंगातलं पोटॅशियम वाढू शकतं.

रात्री नंबर ६ आणि ७. सहा बीपीची आणि हृदयाची, सात कोलेस्टेरॉलची. सहा नंबरने सुका खोकला येऊ शकतो, आला तर स्वतःहून बंद करू नका, मला फोन करा.

कुठलीही गोळी चुकली म्हणून पुढच्या वेळी दोन एकदम घ्यायच्या नाहीत.

जुनी बीपीची गोळी, डब्यातली ती पिवळ्या पाकिटातली, बंद. कागदावर स्पष्ट "बंद" लिहिलंय. मी तिचं पाकीट घेऊन आलेय म्हणजे शोधायला जाऊ नका.

आणि आजी, हे तुझ्यासाठी. तुझ्या गुडघ्याची गोळी आजोबांना द्यायची नाही. पाठ दुखते म्हटलं की तू देतेस मला माहितीये. त्या दुखण्याच्या गोळ्यांनी अंगात पाणी परत साठतं आणि किडनीवर ताण येतो, डॉक्टरांनी हे दोनदा सांगितलं. दुखलं किंवा ताप आला तर पॅरासिटामॉल चालेल, तीही सांगून.

पाणी: दिवसभरात दीड लिटर. मी आजोबांचं फुलपात्र मोजलं, काठोकाठ २०० मिली बसतं. म्हणजे दिवसाला सात फुलपात्रं, आणि उरलेलं थोडं गोळ्यांसाठी. यात चहा, ताक, दूध, आमटीचं पाणी सगळं धरायचं, फक्त साधं पाणी नाही. सकाळीच दीड लिटरची बाटली भरून ठेवा, चहा किंवा ताक घेतलं की तेवढं पाणी बाटलीतून काढून टाका, बाटली संपली की दिवस संपला. फार तहान लागली तर चूळ भरा.

मीठ कमी. वरून मीठ नाही, लोणचं-पापड बंद. बाजारात "कमी सोडियमचं" मीठ मिळतं ते चांगलं म्हणून कुणी आणून देईल, ते मात्र घेऊ नका, त्यात पोटॅशियम असतं आणि पाच-सहा नंबरच्या गोळ्यांसोबत ते धोक्याचं. नारळपाण्याचंही तेच, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

वजन रोज. सकाळी उठल्यावर, लघवी झाल्यावर, चहाच्या आधी, त्याच काट्यावर, आणि कॅलेंडरच्या चौकोनात लिहायचं. घरी येताना वजन ५८.४ होतं. एका रात्रीत किलोभर वाढलं किंवा तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर त्याच दिवशी फोन करा, सूज दिसायची वाट बघू नका. पाणी आधी काट्यावर दिसतं, पायावर नंतर.

उठताना सावकाश. आधी पलंगावर बसा, पाय खाली सोडा, मिनिटभर थांबा, मग उभे राहा, नव्या गोळ्यांनी चक्कर येऊ शकते. घरात रोज दोन्ही वेळ थोडं चाला, बोलता येईल इतक्याच वेगाने, धाप लागली की बसा. जड बादली उचलायची नाही.

जुलाब किंवा उलट्या लागल्या, खाणं गेलं, तर गोळ्या चालू ठेवायच्या की थांबवायच्या ते आधी डॉक्टरांना विचारा. त्यात १, ३, ५, ६ या गोळ्यांनी त्रास होऊ शकतो.

आता ज्यासाठी मला नाही, थेट १०८ ला फोन: आडवं झोपल्यावर श्वास न मिळणं, रात्री धाप लागून दचकून उठणं, छातीत दुखणं, बेशुद्ध पडणं, गुलाबी फेसाळ थुंकी. अशा वेळी आजोबांना झोपवू नका, उशा लावून बसवा. आधी १०८, मग मला. "सकाळपर्यंत बघू" नाही. मागच्या वेळी रात्री दोनला त्रास सुरू झाला आणि तुम्ही मला सहा वाजता उठवलंत, "तिची झोपमोड नको" म्हणून. चार तास.

पुढच्या सोमवारी रक्ताची तपासणी आहे, किडनी आणि पोटॅशियमची, मंगळवारी सकाळी १०ला डॉक्टर. येताना फाइल, सातही पाकिटं, वजनाचं कॅलेंडर. मेडिकलवाल्याने दुसऱ्या कंपनीची गोळी दिली तर घ्यायच्या आधी मला पाकिटाचा फोटो पाठवा, मी बघून नंबर सांगते.

उद्या संध्याकाळी मी येतेय, तेव्हा पाकिटं समोर ठेवून आजोबा तुम्ही मला सांगायचं कुठली कधी घ्यायची, आणि आजी तू मध्ये बोलायचं नाही.

तुमची चिऊ