कीबोर्डचं कव्हर

कॉन्सर्ट साडेसातला आणि सात वाजून पाच मिनिटांनी ओम्याचा आवाज फट्‌ फट्‌ करत तुटायला लागला. म्हणजे गायचा तो नीटच, पण स्पीकरमधून दर दोन शब्दांनी एक शब्द गायब आणि त्याच्या जागी खर्रर्र. दुपारी साउंडचेकला हाच माइक एवढा मस्त चालला होता की ओम्या गात गात शेवटच्या रांगेपर्यंत जाऊन आला होता, एकदाही आवाज तुटला नाही.

मग जे होतं तेच झालं, सगळे एकदम एक्स्पर्ट. ड्रमरने माइकमधले दोन्ही सेल बदलले. काही नाही. परत नवीन पाकीट फोडून बदलले, परत काही नाही. गिटारवाला म्हणाला माइक पडला असणार कुणाकडून तरी. ओम्या म्हणाला मी नाही पाडला. मी म्हटलं ज्युनिअर्सनी रिसीव्हरची बटणं दाबली असणार, नक्की. हे मी जरा जास्तच ठामपणे म्हटलं, का ते पुढे कळेल.

वायरचा माइक होता, नाही असं नाही, पण शेवटच्या गाण्यात ओम्या खाली उतरून प्रेक्षकांत फिरतो आणि अख्खी प्रॅक्टिस त्यावरच बसवलेली. तो म्हणाला वायर असेल तर मी ते गाणं गाणारच नाही. सिंगर लोकांचं असंच असतं.

सायली आमच्या बँडमध्ये नाही. ती फक्त सामान उचलायला आली होती, आणि तिला गाण्यातलं काही कळत नाही हे ती स्वतःच सांगते. ती विंगेत केबल गुंडाळत बसली होती, उठली आणि म्हणाली, "ओम्या, माइक बंद कर."

"अगं चालूच होत नाहीये धड, बंद काय कर?"

"बंद कर रे. आणि रिसीव्हर कुठंय?"

मी म्हटलं मागे आहे, एलईडी वॉलच्या मागे. ती गेली, मी मागोमाग. मागे अंधार, वॉलच्या फ्रेमला चिकटून तिच्या कंट्रोलरचा डबा, आणि त्या डब्यावर आमचा रिसीव्हर, दोन्ही अँटेना वर करून. ओम्याने माइक बंद केला होता तरी रिसीव्हरवरचा आरएफचा लाइट पेटलेलाच, मध्येच फडफडत होता.

"बघ," ती म्हणाली, "माइक बंद आहे, मग हा कुणाचं ऐकतोय?"

मला काहीच कळलं नाही. तिने ओरडून वॉलवाल्या दादांना एक मिनिट वॉल बंद करायला सांगितलं, ते कुरकुरले पण केली. स्टेज काळं झालं आणि लाइट विझला. वॉल चालू, लाइट परत चालू. दुपारी साउंडचेकला वॉल लागलेलीच नव्हती, ती साडेसहाला चालू झाली. वॉल चालू असताना चित्रासोबत रेडिओचा कचराही बाहेर टाकते आणि आमचा रिसीव्हर त्या कचऱ्याच्या अगदी तोंडाशी, शिवाय माइक आणि अँटेनाच्या मध्ये वॉलची अख्खी लोखंडी फ्रेम. म्हणजे ओम्याचा सिग्नल दबलेला आणि वॉलचा गोंगाट कानाशी.

बाकीचं पाच मिनिटांचं काम. रिसीव्हर पुढे विंगेत आणला, स्टुलावर ठेवला, जिथून स्टेज सरळ दिसतं तिथे. मग वॉल मुद्दाम चालू ठेवूनच तिने स्कॅन लावला, बंद ठेवून केला असता तर सगळेच चॅनल मोकळे दिसले असते ना. जो चॅनल मोकळा सापडला त्यावर माइक रिसीव्हरच्या खिडकीसमोर धरून सिंक केला. परत माइक बंद करून लाइट बघितला, विझलेला. मग चालू केला आणि ओम्याला म्हणाली, "जा, मागच्या दारापर्यंत जाऊन ये बोलत बोलत." तो आकडे मोजत गेला, एक ते चाळीस, एकही आकडा गळला नाही.

साडेसातचे पावणेआठ झाले, तेवढं चालतं.

शेवटच्या गाण्याला ओम्या खाली उतरला, लोक उभे राहिले, मी वाजवताना दोनदा चुकलो कारण माझं लक्ष सगळं त्या स्टुलावरच्या लाइटकडे.

नंतर सामान भरताना ड्रमर परत सुरू झाला, रिसीव्हर मागे नेलाच कुणी, त्या ज्युनिअर्सना धरायला पाहिजे वगैरे. मी खाली वाकून स्टँडचे स्क्रू काढत होतो, जे आधीच निघालेले होते. साउंडचेकनंतर विंगेत पाय अडकतोय म्हणून तो रिसीव्हर उचलून मागे कुणी ठेवला ते मला माहीत होतं, आणि घसरू नये म्हणून खाली काय घातलं होतं तेही.

सायली आली, घडी केलेलं काळं कव्हर माझ्या हातात दिलं.

"तुझं आहे ना? मागे राहिलं होतं."

एवढंच म्हणाली आणि केबलची पिशवी उचलून गेली.