नाकारलेल्या मताची जागा: चार भाष्यपरंपरांचा तौलनिक विचार

धर्मग्रंथाचे अक्षर बदलता येत नाही, पण त्याचा वाचक दर पिढीत बदलतो. या दोहोंतली दरी भाष्यकार भरतो. त्यामुळे भाष्यांविषयी एकच प्रश्न फिरून विचारला जातो: त्याने जुना अर्थ राखला की नवा घुसवला? या निबंधात मी तो प्रश्न थोडा बाजूला ठेवतो आहे. जुना अर्थ आणि नवा अर्थ यांच्या भांडणात जे मत हरले, त्याचे परंपरेने पुढे काय केले, हे पाहणे मला अधिक उपयोगाचे वाटते. अर्थ पुढे किती बदलू शकेल, हे बरेचसे त्यावर ठरते.

सुरुवात संस्कृतपासून करू. ब्रह्मसूत्रांचे पहिले सूत्र आहे ‘अथातो ब्रह्मजिज्ञासा’. यातल्या ‘अथ’ या दोन अक्षरांवर शतकानुशतके वाद झाला. ‘अथ’ म्हणजे ‘त्यानंतर’, हे शंकराचार्य आणि रामानुजाचार्य दोघांनाही मान्य आहे. पण कशानंतर? शंकराचार्यांच्या मते विवेक, वैराग्य, शमदमादी संपत्ती आणि मुमुक्षुत्व ही चार साधने अंगी आल्यानंतर. त्यासाठी कर्मकांडाची मीमांसा आधी झालेली असणे त्यांना आवश्यक वाटत नाही. रामानुजाचार्यांच्या मते कर्मविचारानंतर, कारण दोन्ही मीमांसा मिळून एकच शास्त्र होते. म्हणजे दोन अक्षरांच्या अर्थावर कर्म आणि ज्ञान यांचा सगळा संबंध टांगलेला आहे. आपण नवे काही सांगतो आहोत असे मात्र दोघेही म्हणत नाहीत. रामानुजाचार्य तर श्रीभाष्याच्या आरंभीच सांगतात की बोधायनांच्या विस्तृत वृत्तीचा पूर्वाचार्यांनी संक्षेप केला आणि त्यांच्या मतानुसारच आपण सूत्राक्षरांचे व्याख्यान करतो.

या परंपरेने विरोधी मत ‘पूर्वपक्ष’ म्हणून जपले. सिद्धांत मांडण्याआधी प्रतिपक्ष मांडायचा, तोही शक्य तितका बळकट करून. कित्येक मते आज आपल्यापर्यंत पोहोचली ती केवळ त्यांच्या विरोधकांनी ती नोंदवली म्हणून. या जतनाची मर्यादाही विसरता येत नाही. पूर्वपक्ष हा खंडन करणाऱ्याच्या हातून लिहिलेला असतो. तो हरण्यासाठीच पानावर येतो. म्हणून त्याला पुन्हा उभे करायचे तर स्वतंत्र भाष्य लिहावे लागते, आणि तसे झाले की संप्रदाय वेगळा होतो. एकाच संप्रदायाच्या आतला बदल टीकांच्या थरांतून होतो. शांकरभाष्यावर वाचस्पती मिश्रांची भामती, भामतीवर अमलानंदांचा कल्पतरू, कल्पतरूवर अप्पय्य दीक्षितांचा परिमल. प्रत्येक थर खालच्याला प्रमाण मानतो आणि त्याच्यावर नवे विवेचन चढवतो. वार्तिकाच्या पारंपरिक व्याख्येत ‘उक्त, अनुक्त आणि दुरुक्त’ या तिघांचे चिंतन येते. सांगितलेले, सांगायचे राहिलेले आणि चुकीचे सांगितलेले. दुरुस्तीचा अधिकार त्या लेखनप्रकाराच्या व्याख्येतच बसवलेला आहे, आणि मला ही फार मोठी गोष्ट वाटते.

ज्यू परंपरेने हरलेल्या मताला याहून अधिकृत स्थान दिले. इ.स. 200च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या धर्मनियमांच्या संग्रहामध्ये, एदुयोत या प्रकरणात, सरळ प्रश्न येतो: निर्णय बहुमताने होतो, तर एकट्याचे मत नोंदवायचे कशाला? त्याचे एक उत्तर असे की पुढच्या एखाद्या न्यायमंडळाला ते मत पटले, तर त्याला त्याचा आधार घेता यावा. म्हणजे नाकारलेले मत मोडीत न काढता अनामत ठेवले जाते.

तोरा या ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथातल्या ‘डोळ्याबद्दल डोळा’ या वचनाचे काय झाले ते या संदर्भात पाहण्यासारखे आहे. तालमुद म्हणजे मिश्नावरच्या चर्चांचा ग्रंथ. त्याच्या बाबा कम्मा या भागात ऋषी विचारतात, इजा करणाराच आंधळा असेल तर? डोळे लहानमोठे असतील तर? सर्वांना एकच कायदा असावा हे तोरेचेच वचन आहे. मग अक्षरशः डोळा काढून समान न्याय कसा होणार? अशा युक्तिवादांतून नुकसानभरपाई हा अर्थ ठरतो. मूळ वचन जागचे हललेले नाही. त्याला बदलायला लावले ते दुसऱ्या मूळ वचनानेच. आणि ‘प्रत्यक्ष डोळाच’ म्हणणाऱ्या रब्बी एलियेझर यांचे मतही तिथे नोंदलेले आहे, जरी पुढची चर्चा त्याला वेगळे वळण देऊन निष्प्रभ करते.

पुढे मुद्रक बॉम्बर्गने 1520 ते 1523 या काळात व्हेनिसमध्ये छापलेल्या तालमुदाने ही वृत्ती पानाच्या मांडणीत उतरवली. मधोमध मूळ मजकूर, आतल्या बाजूला राशी या रब्बींचे भाष्य, बाहेरच्या बाजूला तोसाफोत, म्हणजे त्यांच्यानंतरच्या अभ्यासकांची पुरवणी टिपणे. तोसाफोतकारांत राशींचे स्वतःचे नातू होते, आणि ते आजोबांना निःसंकोच हरकती घेतात. त्यांतला एक नातू, रश्बाम, लिहून ठेवतो की आजोबांनी आपल्याजवळ कबूल केले होते: सवड मिळाली असती तर रोज नव्याने उमगणाऱ्या सरळ अर्थांनुसार आपण दुसरी भाष्ये लिहिली असती. राशी 1105 मध्ये वारले. एवढ्या अधिकाराच्या भाष्यकाराने अर्थ रोज नवा होतो असे मानले होते, ही आठवण वाचताना मी दरवेळी थांबतो.

तफसीर म्हणजे कुराणावरील भाष्य. त्या परंपरेत अल्-तबरी (मृत्यू 923) एकेका आयतीवरची अनेक मते सांगणाऱ्यांच्या साखळीसह देतात आणि मग त्यांतले अधिक योग्य कोणते ते सांगतात. पण अर्थाची अदलाबदल मला अधिक स्पष्ट दिसते ती जमख्शरी आणि बैदावी यांच्यात. जमख्शरी (मृत्यू 1144) मुतझिली या बुद्धिवादी इस्लामी पंथाच्या विचारांचे, आणि ती विचारधारा पुढे मुख्य प्रवाहातून बाहेर पडली. त्यांचे भाषिक विश्लेषण मात्र टाकून देण्याजोगे नव्हते. बैदावींनी त्यांच्या भाष्याचा आधार घेतला, व्याकरण आणि अलंकारविचार उचलला, मुतझिली मते बहुतांशी वगळली. हे नवे भाष्य मदरशांतून शिकवले गेले आणि त्यावर पुष्कळ हाशिये, म्हणजे टीकेवरच्या टीका, लिहिले गेले. मत गेले, पण ते मांडणाऱ्याची पद्धत विरोधकाच्या ग्रंथात शिल्लक राहिली.

बौद्धांच्या थेरवाद परंपरेत याच्या उलट घडले. पाचव्या शतकात बुद्धघोषांनी अनुराधपुरच्या महाविहारात सिंहली अट्ठकथांचे, म्हणजे भाष्यांचे, सार पालीत आणले. पाली सर्व देशांतल्या भिक्खूंना कळणारी असल्याने परंपरा दूरवर पोहोचली. पण ज्या सिंहली अट्ठकथांवरून ते काम झाले त्या नष्ट झाल्या. बुद्धघोष अधूनमधून मतभेद नोंदवतात. तरी काय निवडले आणि काय सोडले, हे आज मूळ लावून पडताळता येत नाही. जतनाचे इतके यशस्वी काम आणि इतके न भरून येणारे नुकसान एकाच लेखणीच्या मागे उभे आहे.

ज्ञानेश्वरीचे उदाहरण या चारही साच्यांत नीट बसत नाही, म्हणून ते शेवटी घेतले. ज्ञानदेव ‘भाष्यकारातें वाट पुसतु’ गीतेकडे जातात, आणि गीतेच्या 700 श्लोकांचा अर्थ सुमारे 9,000 ओव्यांत मराठीत आणतात. शके 1212 मधली ही टीका तीनशे वर्षांच्या आत स्वतःच मूळ ग्रंथाच्या पदाला पोहोचली. शके 1506 मध्ये एकनाथांनी तिची प्रत शुद्ध केली आणि बजावले की जो ज्ञानेश्वरीच्या पाठात आपली ओवी घालील, त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असे समजावे. त्याच एकनाथांनी भागवताच्या एकादश स्कंधावर स्वतःची टीका मात्र लिहिली. जिथे अक्षर राखायचे तिथे त्यांनी एकही ओवी वाढवू दिली नाही, आणि जे नवे सांगायचे होते त्यासाठी वेगळा ग्रंथ घेतला.